फंड किती पडेल आणि आपण किती सोसू

फंड निवडताना बहुतेक जण परताव्याचा तक्ता बघतात, आणि जोखमीचे आकडे खाली बारीक अक्षरात असतात म्हणून तिथे पोचतच नाहीत. पण फंड मध्येच विकून टाकण्याची पाळी परताव्यामुळे येत नाही, घसरणीमुळे येते. जो फंड पंधरा वर्षांत पाचपट झाला, त्याच फंडात पैसे घालून तोटा करून घेतलेले लोक असतातच. ते वर असताना आले आणि खाली गेल्यावर निघाले, एवढंच. म्हणून आधी विचारायचा प्रश्न असा: हा फंड वाईटात वाईट किती पडू शकतो, आणि तेवढं पडल्यावर मी त्यात थांबेन का?

याचं उत्तर शोधायला दोन आकडे मिळतात: मॅक्सिमम ड्रॉडाउन, म्हणजे कमाल घसरण, आणि व्होलॅटिलिटी, म्हणजे अस्थिरता. दोन्ही उपयोगी आहेत, पण एकेकटे वाचले तर फसवतात. माझ्या मते त्यांचा खरा उपयोग एकानं दुसऱ्याची उलटतपासणी करण्यात आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे.

दोन आकडे नेमकं काय मोजतात

कमाल घसरण समजायला सोपी आहे. फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, दररोज बदलते. प्रत्येक दिवशी विचारायचं, आजवरच्या सर्वोच्च एनएव्हीपेक्षा आज आपण किती टक्के खाली आहोत? त्यातलं सगळ्यात मोठं उत्तर म्हणजे कमाल घसरण. एनएव्ही ८० वरून १२० झाली, मग ७८ पर्यंत आली आणि पुन्हा १५० वर गेली, तर कमाल घसरण १२० ते ७८, म्हणजे ३५ टक्के. सुरुवातीच्या ८० शी तिचा संबंध नाही. ज्यानं ८० ला घेतला त्याचा तोटा किरकोळ होता, पण १२० चा आकडा स्टेटमेंटवर बघितल्यावर त्यालाही ७८ दुखतेच.

अस्थिरता थोडी आडवळणाची आहे. महिन्यामहिन्याचे परतावे त्यांच्या सरासरीपासून किती विखुरलेत, हे प्रमाण विचलनानं मोजतात आणि वर्षाच्या भाषेत आणण्यासाठी त्याला १२ च्या वर्गमुळानं, म्हणजे साधारण ३.४६ नं गुणतात. महिन्याचं विचलन ४.५ टक्के असेल तर वर्षाची अस्थिरता साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास येते. सरासरी परतावा १० आणि अस्थिरता १५ असेल, तर ढोबळ अर्थ असा की तीनपैकी दोन वर्षं परतावा उणे ५ ते अधिक २५ च्या दरम्यान राहील.

हा ढोबळ अर्थ नेहमीच्या वर्षांसाठी ठीक आहे. वाईट वर्षांसाठी त्यावर विसंबू नये. त्याच गणितानं उणे ३७ टक्क्यांचं वर्ष कित्येक शतकांत एखादेवेळी यायला हवं. अमेरिकी शेअर बाजारात २००८ साली तेवढंच झालं, आणि १९३१ साली त्याहून वाईट झालं होतं. बाजाराच्या परताव्यांचं खालचं टोक या गणितामागच्या घंटाकृती आलेखापेक्षा बरंच जाड असतं.

आणखी एक उणीव आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे. अस्थिरतेला क्रम कळत नाही. एका वर्षात सहा महिने प्रत्येकी अधिक ५ टक्के आणि सहा महिने प्रत्येकी उणे ४ टक्के आले असं समजा. हे महिने एकाआड एक आले, तर महिनाअखेरच्या आकड्यांवर कमाल घसरण फक्त ४ टक्के. सहाही उणे महिने सलग आले, तर २२ टक्के. दोन्ही वर्षांचा एकूण परतावा सारखाच, जवळजवळ ५ टक्के. दोन्हींची अस्थिरताही अगदी सारखी, सुमारे १६. पण पहिल्या वर्षात तुम्हाला काही जाणवलंही नसतं आणि दुसऱ्यात चौथ्या-पाचव्या महिन्यापासून झोप उडाली असती.

म्हणजे अस्थिरता हा फंडाचा स्वभाव आहे आणि कमाल घसरण ही त्या स्वभावाच्या माणसावर आजवर गुदरलेली एकच वाईट घटना. घटना अजून घडली नसेल, तर आकडा लहान दिसतो. तो फंड सौम्य आहे असं त्यावरून ठरत नाही.

कमाल घसरणीचा आकडा कुठे फसवतो

पहिली फसगत कालावधीची. अमेरिकी शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात सुमारे ५७ टक्के पडला. त्या निर्देशांकावर आधारलेला एखादा फंड एप्रिल २००९ मध्ये सुरू झाला असता, तर २०१९ च्या अखेरीस त्याच्या दहा वर्षांहून मोठ्या इतिहासात सर्वात मोठी घसरण २० टक्क्यांच्या आसपास दिसली असती. फंड तोच, आतले शेअर तेच, फक्त जन्मतारीख सोयीची. इतिहास लांबला की कमाल घसरण वाढू शकते किंवा तेवढीच राहते, कमी कधीच होत नाही. म्हणून ७ वर्षांच्या फंडाची कमाल घसरण १८ वर्षांच्या फंडाशेजारी ठेवून तुलना करणं हा शुद्ध अन्याय आहे, आणि तो बहुतेक वेळा जुन्या फंडावर होतो.

दुसरी फसगत मोजण्याच्या अंतराची आहे आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हाच निर्देशांक ३३८६ वरून २२३७ वर आला. म्हणजे ३४ टक्के, तेही पाच आठवड्यांत. आता फक्त महिनाअखेरचे आकडे घ्या. डिसेंबर २०१९ अखेर ३२३१ आणि मार्च २०२० अखेर २५८५. घसरण बरोबर २० टक्के! १९ फेब्रुवारीचा उच्चांक आणि २३ मार्चचा तळ, दोन्ही महिन्याच्या मधोमध पडले आणि गाळले गेले. बरीच माहितीपत्रकं आणि तुलना करणारी साधनं महिनाअखेरचे आकडे वापरतात. तुम्ही मात्र मोबाइलवर एनएव्ही रोज बघता. तेव्हा आकडा बघण्याआधी तो रोजच्या नोंदींवरचा आहे की महिन्याच्या, हे शोधायचं. लिहिलेलं नसेल तर महिन्याचा धरून चालायचं.

तिसरी गोष्ट फसगत नाही, पण आकड्यात नसते: बाहेर यायला लागलेला वेळ. २०२० ची ३४ टक्क्यांची घसरण ऑगस्टमध्येच भरून निघाली. मार्च २००० चा उच्चांक मात्र पुन्हा दिसायला मे २००७ उजाडलं, आणि लगेच ५७ टक्क्यांची घसरण सुरू झाली. जपानचा निक्केई १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता, नंतर ८२ टक्क्यांपर्यंत पडला आणि तो आकडा त्यानं २०२४ च्या फेब्रुवारीत ओलांडला. हे निर्देशांकाचे आकडे आहेत, त्यात लाभांश धरलेला नाही. तो धरला तर वाट थोडी लहान होते, पण चित्र बदलत नाही. सहा महिने खाली राहणं आणि सात वर्षं खाली राहणं हे सोसण्याच्या दृष्टीनं दोन वेगळे आजार आहेत. त्यात गणितही विरोधात असतं: ३४ टक्के पडलेल्याला परत यायला ५२ टक्के चढावं लागतं, ५७ टक्के पडलेल्याला १३३.

उलटतपासणी

आता दोन्ही आकडे एकत्र वाचू. कमाल घसरणीला वार्षिक अस्थिरतेनं भागायचं. एस अँड पी ५०० ची दीर्घकाळची अस्थिरता १५ च्या आसपास आहे आणि २००७-०९ मधली घसरण, महिनाअखेरच्या आकड्यांवर लाभांश धरून, ५१ टक्के. भागाकार सुमारे ३.४. दीर्घ आणि वाईट काळ बघितलेल्या शेअर फंडाचा हा भागाकार अडीच ते साडेतीनच्या दरम्यान सापडला तर नवल नाही. हा नियम नाही, अंदाजपट्टी आहे.

एखाद्या शेअर फंडाची अस्थिरता १७ आणि कमाल घसरण २२ असेल, तर भागाकार १.३. याचा अर्थ व्यवस्थापकानं चमत्कार केला असा घेण्याआधी हा फंड अजून खऱ्या वादळात सापडलेला नाही अशी शंका घ्यायची. शंका खरी की खोटी हे फंडाची सुरुवातीची तारीख बघितली की मिनिटभरात कळतं. फंड जुना असेल, वाईट काळ त्यानं पाहिलेला असेल आणि तरी भागाकार लहान असेल, तर मात्र त्यात काहीतरी कौतुकाचं आहे. मग ते काय आहे हे शोधायचं: रोकड जास्त ठेवली होती, बॉण्ड होते, की विमा म्हणून ऑप्शन घेतले होते.

उलट बाजूलाही लक्ष हवं. अस्थिरता कमी म्हणजे घसरण कमी, असं समजून लोक बॉण्ड फंडात निर्धास्त होतात. अमेरिकेच्या रोखे बाजाराचा जो सर्वसमावेशक निर्देशांक आहे, त्याचं १९७६ पासूनचं सर्वात वाईट कॅलेंडर वर्ष २०२२ पर्यंत १९९४ होतं, आणि त्या वर्षी तोटा होता ३ टक्क्यांहून कमी. २०२२ मध्ये व्याजदर वेगानं चढले आणि एका वर्षात १३ टक्के गेले. आधीची अस्थिरता बघून हे दिसलं नसतं, कारण चाळीस वर्षं व्याजदर एकंदरीत उतरतच होते. पण दुसऱ्या एका आकड्यावरून दिसलं असतं: रोख्यांची ड्युरेशन, म्हणजे व्याजदर एक टक्का चढला तर भाव साधारण किती टक्के उतरेल तो आकडा. ती ६ असेल आणि व्याजदर ३ टक्क्यांनी चढले, तर भाव ढोबळमानानं १८ टक्के उतरतात, आणि हाती आलेलं व्याज त्यातला थोडा भाग भरून काढतं. म्हणून बॉण्ड फंडात ऐतिहासिक घसरणीपेक्षा ड्युरेशनवरून काढलेली घसरण जास्त भरवशाची.

आणखी एक प्रकार आहे. ज्या रोख्यांचा रोज व्यवहार होत नाही त्यांची किंमत अंदाजानं लावली जाते, आणि अंदाज गुळगुळीत असतो. एनएव्हीची रेघ सरळ दिसते, अस्थिरता एक-दीड टक्का, आणि मग एके दिवशी कुणीतरी कर्ज बुडवतं आणि पायरी कोसळते. फार सरळ रेघ बघून आनंद होण्याऐवजी आत काय आहे, हे उघडून बघावं.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा एका बाईंकडे गुंतवायला २० लाख आहेत. त्यांनी ठरवलंय की ६ लाखांपर्यंत कागदावरचा तोटा त्या सोसतील, म्हणजे ३० टक्के. हा आकडा टक्क्यांत नाही, रकमेत ठरवलाय, आणि तेच बरोबर आहे. 'तीस टक्के' प्रश्नावलीत भरायला सोपे वाटतात. 'सहा लाख' म्हटलं की माणूस त्याची तुलना आपल्या पगाराशी, घरखर्चाशी करतो आणि खरं उत्तर देतो. मागच्या घसरणीत आपण प्रत्यक्षात काय केलं होतं, हा पुरावा तर कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा वरचा.

समोर दोन काल्पनिक शेअर फंड आहेत. फंड 'अ' ७ वर्षांचा: अस्थिरता १७, कमाल घसरण २२. फंड 'ब' १८ वर्षांचा: अस्थिरता १५, कमाल घसरण ४९. माहितीपत्रकावर 'अ' एकदम त्यांच्या ३० टक्क्यांच्या आत बसतो आणि 'ब' भीतीदायक दिसतो. पण भागाकार बघा. 'अ' चा १.३, 'ब' चा ३.३. 'अ' ची परीक्षाच झालेली नाही.

मग त्यांनी दोन्ही फंडांची रोजची एनएव्ही उतरवून घेतली. वाढीचा पर्याय घेतला, कारण लाभांश वाटणाऱ्या पर्यायात वाटपाच्या दिवशी एनएव्ही खाली येते आणि ती घसरण भासते. स्प्रेडशीटमध्ये A रकान्यात तारीख, B मध्ये एनएव्ही. C मध्ये आजवरचा उच्चांक, D मध्ये त्यापासूनची घसरण, आणि मग त्यातली सर्वात वाईट:

```
C2:  =MAX(B$2:B2)
D2:  =B2/C2-1
F1:  =MIN(D:D)
```

C2 आणि D2 खालपर्यंत ओढायचे. अस्थिरतेसाठी वेगळ्या पानावर महिनाअखेरची एनएव्ही B मध्ये घेऊन:

```
C3:  =B3/B2-1
F2:  =STDEV.S(C3:C300)*SQRT(12)
```

शेवटच्या ७ वर्षांच्या समान काळात, रोजच्या नोंदींवर, 'अ' ची कमाल घसरण ३६ टक्के निघाली आणि 'ब' ची ३१. त्याच पडझडीत निर्देशांक ३४ टक्के पडला होता. म्हणजे 'अ' निर्देशांकाच्या १.०६ पट पडतो, 'ब' सुमारे ०.९ पट. आता निर्देशांकाच्या जुन्या, मोठ्या घसरणीला हे प्रमाण लावायचं. निर्देशांक तेव्हा ५७ टक्के पडला असेल, तर 'अ' तिथे असता तर साधारण ६० टक्के पडला असता. 'ब' साठी अंदाजाची गरजच नाही. तो तिथे होता, आणि रोजच्या आकड्यांवर ५२ टक्के पडला. ज्याचा आकडा भीतीदायक होता तोच फंड सौम्य निघाला.

एकाच पडझडीवरून काढलेलं प्रमाण कच्चं असतं. दहा टक्क्यांहून मोठ्या तीन-चार घसरणी घेऊन प्रत्येकीत ते किती येतं हे बघावं. कधी ०.८ आणि कधी १.३ येत असेल, तर मोठा आकडा धरावा. आणि फंडाचा व्यवस्थापक किंवा धोरण मध्येच बदललं असेल, तर आधीचे आकडे दुसऱ्याच फंडाचे समजावेत.

इथे बाईंपुढे खरी अडचण येते: ३० टक्क्यांत बसणारा शेअर फंड यातला एकही नाही. मला वाटतं, बहुतेकांचं उत्तर इथेच येऊन ठेपतं. शेअर फंडांमधला सौम्य-तिखट फरक ५२ आणि ६० एवढाच असतो. ३० हवे असतील तर फंड बदलून भागत नाही, हिस्सा बदलावा लागतो.

हिस्सा काढायला सोपा भागाकार आहे. सोसण्याची मर्यादा भागिले गृहीत धरलेली घसरण. 'ब' साठी ५२ धरू नये. पुढची सर्वात वाईट घसरण मागच्या सर्वात वाईट घसरणीवरच थांबेल असं कुणी सांगितलेलं नाही. ६० धरू. ३० भागिले ६०, म्हणजे निम्मे पैसे 'ब' मध्ये आणि निम्मे अशा ठिकाणी, जे बाजारासोबत पडत नाही: कमी ड्युरेशनचे सरकारी रोखे, ठेवी वगैरे.

या हिशोबाला एक छुपी गळती आहे. बरेच जण घसरणीत हिस्सा पुन्हा ५० टक्क्यांवर आणत राहतात, म्हणजे सुरक्षित बाजूचे पैसे काढून पडत्या फंडात टाकतात. दीर्घकाळात हे चांगलंच आहे. पण 'ब' जर थेट ६० टक्के खाली गेला आणि वाटेत सतत असा तोल साधत राहिलं, तर एकूण तोटा ३० वर थांबत नाही, सुमारे ३७ होतो. कारण प्रत्येक टप्प्यावर टाकलेले नवे पैसेही पडतात. असा तोल साधायचा असेल तर 'ब' चा हिस्सा ४० टक्के ठेवावा. मग तोटा ३१ च्या आसपास येतो. २० लाखांत ८ लाख 'ब' मध्ये, १२ लाख स्थिर बाजूला. तोल न साधता नुसतं बसून राहिलं तर वाईटात वाईट ४.८ लाख जातील, साधत राहिलं तर सुमारे ६.१ लाख. म्हणजे बाईंची मर्यादा जवळजवळ पाळली जाते.

दुसरा मार्ग म्हणजे शेअर आणि बॉण्ड मिसळलेला एकच फंड घेणं. कागदावर दोन्ही मार्ग जवळपास सारखे. वागण्यात सारखे नाहीत. दोन वेगळे फंड असले की स्क्रीनवर एका ओळीत लाल अक्षरात उणे ६० दिसतं, आणि शेजारच्या स्थिर ओळीकडे कुणाचं लक्ष जात नाही. लोक ओळ बघून विकतात, बेरीज बघून नाही. मिश्र फंडात तीच घसरण उणे २५ किंवा ३० अशी एकाच ओळीत दिसते. ज्याला ओळीओळीनं बघायची सवय आहे, त्यानं खर्च थोडा जास्त असला तरी मिश्र फंड घ्यावा, असं माझं मत. मात्र त्याचीही तीच उलटतपासणी करायची, आणि त्यातले बॉण्ड २०२२ सारख्या वर्षी शेअरबरोबरच पडू शकतात हे धरून.

महिन्याला हप्त्यानं गुंतवणाऱ्यांसाठी एक दुरुस्ती. फंडाची घसरण आणि तुमची घसरण सुरुवातीच्या वर्षांत एक नसते. पहिल्या वर्षी जमा रक्कम लहान असते. बाजार ५० टक्के पडला तरी नवे हप्ते खालच्या भावात जातात आणि एकूण आकडा लवकर सावरतो. त्यामुळे अनेकांना वाटतं, आपण मोठी घसरण सहज सोसली. पंधराव्या वर्षी जमा रक्कम एका हप्त्याच्या शेकडो पट झालेली असते. तेव्हा हप्त्यानं काहीच सावरत नाही, आणि फंडाची घसरण ती जशीच्या तशी तुमची होते. म्हणून सोसण्याच्या मर्यादेचा हिशोब आजच्या शिलकीवर करू नये. पाच-सात वर्षांनी जी शिलक असेल असं वाटतं, तिच्या ६० टक्के रक्कम लिहून काढावी आणि तेवढी गेलेली दिसली तर काय कराल, हे तेव्हाच्या जबाबदाऱ्या धरून ठरवावं. दरवर्षी एकदा हा आकडा पुन्हा मांडला आणि तो मर्यादेबाहेर जाताना दिसला, तर हिस्सा बाजार वर असतानाच कमी करता येतो.